मागच्या चाळीच्या वाटीवाल्या

देवयानी सामंतांची जीभ तिखट, हे सुयोग सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं, आणि खुद्द देवयानीबाईंना तर त्याचा अभिमानच होता. डोंबिवलीच्या शाळेत मराठी शिकवायच्या. दर कोजागिरीला गच्चीवर आटीव दुधाचं पातेलं चढलं की फिशपॉन्ड वाचायचा मान त्यांचा. कुणाला दोन ओळींत कसं उघडं पाडायचं, हे त्यांच्याकडून शिकावं. ज्याच्यावर फिशपॉन्ड पडला त्याने हसायचं आणि दूध प्यायचं, रागवायचं नाही, असा नियम होता. रागावणाऱ्याला पुढच्या वर्षी दोन पडायचे.

यंदाच्या कोजागिरीला महापालिकेच्या निवडणुकीचे वारे वाहू लागले होते, म्हणून बाईंनी शेवटचा फिशपॉन्ड सोसायटीबाहेर फेकला. काळुराम नाना हे वॉर्डातले जुने नगरसेवक. त्यांनी आजवर फोडलेले नारळ मोजले तर एक बाग झाली असती, आणि झालेली कामं मोजायला एका हाताची बोटंही जास्त झाली असती. बाईंनी खणखणीत आवाजात वाचलं:

रस्त्याचा नारळ, गटाराचा नारळ, पुलाचाही नारळ फोडला;
खोबरं खाऊन ढेकर दिला, अन् कामाचा नाद सोडला!

गच्ची हसून लोटपोट झाली. कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. दिवाळी यायच्या आत काळुराम नानांचं 'नारळ नाना' झालं. आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग रिक्षा स्टँडवर, मग नानांच्या विरोधकांच्या पेजवर. तिथे कुणीतरी त्यांच्या फोटोत डोक्याच्या जागी शेंडीवाला नारळ बसवला. आपले शब्द अनोळखी लोकांच्या तोंडून ऐकताना बाईंना गुदगुल्या व्हायच्या. भाजीवाल्याने 'नारळ नाना' म्हटलं की त्यांना वाटायचं, सांगावं त्याला, हे माझं आहे.

नाना मात्र पक्के राजकारणी. ते चिडले नाहीत. प्रचाराच्या गाडीवर त्यांनी हातभर उंचीचा थर्माकोलचा नारळ बसवला आणि भाषणात सांगू लागले, होय, मी नारळ नाना, नारळ शुभ असतो. ज्या नावाने माणूस रडायला हवा त्याच नावाने तो मतं मागतोय, हे पाहून बाईंचा तिळपापड झाला. आणि माणूस चिडला की त्याचा नेम चुकतो.

संक्रांत यायच्या आधीच नानांच्या नात्यातल्या बायकांच्या एका मंडळाने संक्रांतीचं हळदीकुंकू उरकून घेतलं. निवडणूक काही पंचांग बघत नाही. सुयोगच्या मागे पत्र्याच्या छपरांची जुनी चाळ आहे, तिच्या तोंडाशी मांडव पडला आणि वाण म्हणून स्टीलच्या वाट्या वाटल्या गेल्या. सोसायटीतल्या दिपेशने बाल्कनीतून फोटो काढून ग्रुपवर टाकला: रांगेत उभ्या चाळीतल्या बायका, आणि सगळ्यांत पुढे, हातात चकचकीत वाटी घेतलेली मंजुळा.

मंजुळा चाळीतली अंगणवाडी सेविका. सोसायटीतल्या पोरांना पोलिओचे डोस तिनेच पाजलेले. बाईंची लेक सान्वी लहान असताना तिच्याच हातचे थेंब पिऊन भोकाड पसरायची. बाईंनी फोटो पाहिला. कुकरची शिट्टी व्हायची होती तेवढ्यात ओळी सुचल्या आणि तेवढ्यात त्यांनी त्या फोटोखाली टाकल्या:

वाटी आली हातात, मत गेलं वाटीत;
मागच्या चाळीच्या वाटीवाल्या, नानांच्या मुठीत.

हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. विनीतने, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, हॉलमधूनच विचारलं की हे जरा जास्त नाही का झालं. बाई म्हणाल्या, तुला विनोद कळत नाही.

पुढे काय झालं ते बाईंना तुकड्यातुकड्यांनी कळलं. फोटो ग्रुपबाहेर गेला. कुणीतरी मंजुळाच्या चेहऱ्याभोवती लाल गोल काढला. ओळी फोटोवरच छापल्या गेल्या, त्यामुळे आता ते दोन्ही वेगळं करायची सोय राहिली नाही. बाईंच्या कळव्याच्या नणंदेला तो भलत्याच वाटेने मिळाला आणि तिने कौतुकाने बाईंनाच परत पाठवला. त्यावर 'अनेकदा फॉरवर्ड केलेले' असं लिहून आलं होतं. ते वाचून बाईंनी पहिल्यांदाच मोबाइल पालथा घालून ठेवला. नारळाच्या वेळी असं झालं नव्हतं.

मग आवाज सुरू झाला. बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. खालून चाळीतल्या दोन बायका पाण्याचे हंडे घेऊन चालल्या होत्या आणि कुठल्याशा बाल्कनीतून चमचा वाटीवर आपटल्याचा आवाज आला. टिंग, टिंग. बायकांनी वर पाहिलं नाही. पलीकडच्या इमारतीतून दुसरा चमचा वाजला. पोरांचा खेळ झाला होता तो. चाळीतली बाई दिसली की वाटी वाजवायची. नाव घ्यायचीसुद्धा गरज उरली नव्हती. बाई ओली चादर-बिदर तशीच टाकून आत आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

त्याच आठवड्यात शाळेच्या पत्त्यावर नोटीस आली. शिपायाने स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर आणून दिली. काळुराम नानांचे वकील लिहीत होते की 'नारळ नाना, टाकीचोर, टाकीचे पैसे खाल्ले' या मजकुराने त्यांच्या अशिलाची बदनामी झाली आहे, या नावाच्या मूळ लेखिका तुम्ही आहात, जाहीर माफी मागा, नाहीतर फौजदारी आणि दिवाणी दोन्ही कारवाया होतील. टाकीचोर हा शब्द बाईंनी लिहिलाच नव्हता; न झालेल्या पाण्याच्या टाकीवरून तो विरोधकांच्या पेजने 'नारळ नाना'ला जोडला होता. पण हे सांगायचं कुणाला? मुख्याध्यापिका पाणी पीत पीत त्यांच्याकडे बघत होत्या, आणि शाळेच्या संस्थेत नानांचे कोण कोण बसतात हे बाईंना तोंडपाठ होतं.

त्या रविवारी बाई ठाण्याला नौपाड्यात सुशांतकडे गेल्या. सुशांत त्यांचा जुना विद्यार्थी, आता वकील. निबंधात कायम पाल्हाळ लावायचा, पण आता मोजकं बोलत होता. त्याने नोटीस वाचली आणि बाईंचा मोबाइल मागून घेतला.

त्याचं म्हणणं असं पडलं की नारळाला घाबरायचं कारण नाही. सार्वजनिक कामाची खिल्ली उडवणं हा नगरसेवकाने सहन करायचा भाग आहे. त्यांच्या वागण्याबद्दल प्रामाणिक मत मांडायला कायद्यातच अपवाद ठेवलाय, आणि स्वतः नानाच ते नाव गाडीवर लावून फिरतात. 'टाकीचोर' मात्र वेगळं. खिल्ली वेगळी आणि आरोप वेगळा. चोर म्हटलं की पैसे खाल्ले ही वस्तुस्थिती सांगितल्यासारखं होतं. ती खरी आहे, आणि सांगण्यात लोकांचं भलं होतं, हे दोन्ही सांगणाऱ्याने सिद्ध करायचं. नाहीतर मग भारतीय न्याय संहितेचं तीनशे छप्पन कलम. पुढे पाठवणाराही सुटत नाही, कारण प्रत्येक पाठवणं म्हणजे नव्याने बदनामी.

"तुम्ही टाकीचोरवालं कुठे पुढे पाठवलंत?" त्याने विचारलं.

बाईंनी आठवून आठवून सांगितलं की नुसता हसरा चेहरा टाकला होता.

"हसण्याला अजून कलम नाही, बाई. ही नोटीस धाक दाखवायला आहे. मी उत्तर देतो."

बाईंच्या जिवात जीव आला. त्या पदर सावरून उठणारच होत्या, तर सुशांत अजून मोबाइलच बघत होता. त्याच्या कपाळावर आठी आली.

"बाई, हे काय लिहिलंय तुम्ही?"

वाटीवाल्यांचा फोटो होता. बाई म्हणाल्या, तो तर फिशपॉन्ड. सुशांतने मोबाइल टेबलावर ठेवला आणि बाई कधीकाळी त्याला समजावायच्या तसं समजावून सांगितलं. डोंबिवलीचे मतदार विकाऊ आहेत, असं कुणी म्हणालं तर कोर्ट विचारेल, कोणते? एवढ्या मोठ्या घोळक्याची बदनामी होत नाही. पण इथे चाळ एक, बायका मोजक्या, ओळखता येण्यासारख्या, आणि पुढे एकीचा चेहरा. त्यात या बायका काही नगरसेवक नाहीत, टीका सोसायची जबाबदारी त्यांनी घेतलेली नाही. वस्तू घेऊन मत देणं हा गुन्हा आहे, म्हणजे बाईंनी तिच्यावर गुन्ह्याचा आरोप लेखी केलाय. थट्टा होती म्हणून भागत नाही. यामुळे तिचं नाव खराब होईल हे कळत असताना लिहिलं, एवढं पुरतं. पोलीस थेट उचलून नेणार नाहीत. तिला स्वतः कल्याणच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटपुढे तक्रार द्यावी लागेल, आधी बाईंचं म्हणणं ऐकलं जाईल, मग खटला. दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि मिटवायचा हक्क फक्त तिलाच.

"पण तिने वाटी घेतलीच ना," बाई म्हणाल्या.

"सिद्ध करू शकाल?"

बाईंनी फोटो मोठा करून पाहिला. आजवर त्यांनी तो शंभरदा पाहिला असेल, पण पाहिला म्हणजे काय, ओळ सुचायपुरता पाहिला. रांगेतल्या प्रत्येक बाईच्या कपाळावर ताजं हळदीकुंकू होतं. मंजुळाचं कपाळ स्वच्छ होतं.

बाईंना आठवत गेलं. चौदा एप्रिलला पांढरी साडी नेसून सोसायटीच्या दारात पेढे वाटणारी मंजुळा. 'जयभीम बाई' म्हणून हसणारी मंजुळा. तिच्या घरी हळदीकुंकू होत नाही आणि ती कुणाच्या हळदीकुंकवाला जातही नाही, वाण घेणं तर लांबच राहिलं. हे बाईंना इतक्या वर्षांत माहीत नव्हतं थोडंच! बाईंनीच एकदा तिला आग्रहाने बोलावलं होतं आणि तिने तितक्याच गोडीने नाही म्हटलं होतं. चाळ म्हटली की सगळ्या बायका एकाच रांगेतल्या, हे बाईंच्या डोक्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. शाळेत पोरांना समता शिकवायची आणि घरी हे. स्वतःची त्यांना शिसारी आली.

डोंबिवलीला परतल्यावर त्यांनी चाळीकडे जायचं ठरवलं आणि गेल्या नाहीत. भीती वाटली. गॅलरीत जायचीही वाटेना. आणि मग एका सकाळी नाना स्वतःच प्रचाराला म्हणून सोसायटीत आले, सगळ्यांना हात जोडत बाईंच्या दारात थांबले, आणि बरोबरच्या माणसांना जिन्यात उभं करून एकटेच आत येऊन बसले.

नाना खूप मायेने बोलले. तेच भीतीदायक होतं. बाईंमुळे त्यांचं नाव पोराटोरांच्या तोंडी गेलं, म्हणाले, त्याबद्दल आभार. नोटीस वकिलाने पाठवली, ती मनावर घ्यायची नाही. आणि वाटीवाल्यांची ओळ तर फारच झकास. ती त्यांनी स्वतः चाळीत मोठ्याने वाचून दाखवली होती, की बघा, बिल्डिंगवाले तुम्हाला काय समजतात. आधी निम्मी चाळ त्यांच्यावर नाराज होती, पाणी येत नाही म्हणून. आता सगळी एक झाली.

"तुमी माज्यासाठी केलं ते माज्या पोरांनी पण नाय केलं, बाई," नाना म्हणाले.

बाईंनी सवयीने चहाचं विचारलं. नानांनी चहाला नको म्हटलं आणि उठता उठता सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की मंजुळाला अंगणवाड्यांच्या प्रकल्प कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस निघाली आहे. मतदार चिठ्ठ्या वाटायचं काम तिच्याकडे होतं आणि निवडणुकीच्या कामावरची बाई उमेदवाराची वाटी घेते, म्हणजे नोकरीवर संक्रांतच. ती कोर्टात जायच्या गोष्टी करत होती, पण तिला आता त्याची फुरसत मिळायची नाही. नोकरी गेलेली बाई वकील कुठून आणणार. तेव्हा बाईंनी निर्धास्त राहावं आणि गप्प बसावं.

"तुमी गप, म्हंजे सगळं गप," ते म्हणाले आणि दाराशी वाकून सान्वीच्या चपला नीट जोडून ठेवून गेले.

बाई कितीतरी वेळ त्या चपलांकडे बघत राहिल्या. त्यांना वाचवायला माणूस आला होता आणि त्यांनी दाराला आतून कडी घातली. गप्प बसलं की शाळा सुरक्षित, घर सुरक्षित. फक्त मंजुळाची नोकरी जायची. त्यांनी सुशांतला फोन लावला. त्याने स्पष्ट सांगितलं, की मजकूर आपला आणि आरोप खोटा, असं बाईंनी प्रकल्प कार्यालयात लिहून दिलं तर मंजुळा बहुधा सुटेल, कारण तिच्याविरुद्ध दुसरं काहीच नाही. पण तो कागद उद्या बाईंच्याच विरोधात वापरता येईल. वकील म्हणून तो देऊ नका असंच सांगेल.

"आणि विद्यार्थी म्हणून?" बाईंनी विचारलं.

तो म्हणाला, "ते तुम्हीच शिकवलेलं ना, बाई."

त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. विनीतला सगळं सांगितलं. मी तेव्हाच म्हटलं होतं, असं तो म्हणाला नाही, आणि त्यामुळे बाईंना जास्तच रडू आलं. सकाळी शाळेला रजा टाकून त्या आधी चाळीत गेल्या.

मंजुळा दारातच होती. नवऱ्याचा, राजरत्नचा, डबा भरत होती. बाईंना बघून ती उठली नाही. शेजारच्या दारातून दोन बायका बाहेर आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बाईंना वाटलं, पळून जावं. वाटी कशी हातात आली, एवढंच त्यांनी विचारलं, तेही खाली मान घालून.

मंजुळाने सांगितलं. मांडवात बायका आयत्याच एका जागी सापडतील म्हणून ती चिठ्ठ्या वाटायला गेली होती. शेजारणीचं पोरगं गटाराच्या कडेला धावलं, ती त्याच्या मागे पळाली आणि आपली वाटी मंजुळाच्या हातात कोंबून गेली. तेवढ्यात फोटो.

"वाटी मी तिथल्या तिथं परत दिलेली. पण परत देतानाचा फोटो नाय कोणी काढला," मंजुळा म्हणाली. "प्रीती शाळेत जात नाय आता. पोरी कंपास पेटीवर पेन वाजवतात."

प्रीती तिची मुलगी, सान्वीच्याच वयाची. आतल्या खोलीत पडद्यामागे तिचे पाय दिसत होते. बाईंनी माफी मागितली. काहीतरी बोलल्या, काय ते त्यांनाही नंतर आठवेना. भाषेवर आयुष्य काढलेल्या बाईला त्या दारात एक धड वाक्य जुळेना.

प्रकल्प कार्यालयात त्यांनी अर्ज लिहून दिला: फोटोखालचा मजकूर माझा, मी खातरजमा केली नाही, मंजुळाताईंनी वाण घेतलं नाही, त्या कर्तव्यावर होत्या. कपाळाची गोष्टही लिहिली. तोच मजकूर त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि पुढे पाठवायची विनंती केली. त्यावर एकही हसरा चेहरा आला नाही. दिपेशने हात जोडले, तीन-चार जण ग्रुप सोडून गेले. कळव्याची नणंद म्हणाली, हे काय वहिनी, मजाच घालवलीस. तो मजकूर सुयोगच्या फाटकाबाहेर फारसा गेलाच नाही.

निवडणूक झाली. नाना निवडून आले, आणि मागच्या चाळीच्या केंद्रावर त्यांना आजवरची सर्वांत जास्त मतं पडली. गुलाल उधळत मिरवणूक सोसायटीवरून गेली तेव्हा गाडीवरच्या नारळामागून नानांनी वर बघून बाईंना नमस्कार केला. आता त्यात माया नव्हती. पुढच्या महिन्यात संस्थेने बाईंकडे खुलासा मागितला, कार्यालयात दिलेल्या त्याच अर्जाची प्रत जोडून.

मंजुळाची नोटीस मात्र मागे घेतली गेली. ते सांगायला ती स्वतः आली, दारातच उभी राहिली. बाईंनी आत बोलावलं, ती आली नाही. बाईंनी धीर करून विचारलं, कोर्टाचं काय ठरवलंय. आपण काय ऐकायची वाट बघतोय, हे त्यांचं त्यांनाच कळत होतं.

"वकील बोलला, तीन वर्षं टाइम आहे," मंजुळा म्हणाली. "मी अजून ठरवलं नाय. प्रीती ज्या दिवशी शाळेत जाईल ना, त्या दिवशी बघू."

ती रागाने बोलली नव्हती. जिना उतरताना तिने कठड्याला हात लावला नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. आणि ती इमारतीबाहेर पडली असेल नसेल, तोच कुठूनतरी चमच्याचा आवाज आला. टिंग, टिंग. बाई धावत गॅलरीत गेल्या, कोण ते बघायला, ओरडायला. आवाज त्यांच्याच शेजारच्या गॅलरीतून येत होता. दिपेशची धाकटी मुलगी, नुकती बोलायला लागलेली. वाटी म्हणजे काय आणि वाटीवाली म्हणजे कोण, तिला काही ठाऊक नव्हतं. खालून मंजुळा जाताना दिसली की हे वाजवायचं, एवढंच ती शिकली होती.

बाईंनी मधल्या कठड्यावरून वाकून तिच्या हातातून चमचा काढून घेतला. मुलीने त्यांच्याकडे बघून हात पुढे केला, आणि मग मुठीनेच वाटी वाजवू लागली.